गुरूची बारा वर्षांची फेरी आणि राहूची साडेअठरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ज्युपिटर रिटर्न’ म्हणजे नक्की काय?

तुमच्या जन्माच्या वेळी गुरू राशिचक्रात ज्या अंशावर होता, त्याच अंशावर तो फिरून परत आला की गुरूची एक फेरी पूर्ण झाली. आपल्याकडचे ज्योतिषी याला जन्मस्थ गुरूवरून गोचर, म्हणजे आत्ता आकाशात फिरणाऱ्या, गुरूचं भ्रमण म्हणतात. गुरूला सूर्याभोवती एक प्रदक्षिणा घालायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणून ही भेट साधारण १२, २४, ३६, ४७, ५९, ७१ आणि ८३ या वयांच्या आसपास होते. पहिल्या तीन वेळी बाराच्या पाढ्याने काम भागतं. पुढे मात्र फरक साठत जातो आणि चौथी फेरी अठ्ठेचाळिसाव्याऐवजी साडेसत्तेचाळिसाव्या वर्षीच पुरी होते.

आणि राहूची फेरी?

राहू हा ग्रह नाही. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला सुमारे ५ अंशांनी तिरका आहे. हे दोन मार्ग ज्या दोन बिंदूंत छेदतात त्यांतला एक राहू आणि बरोबर समोरचा केतू. हे बिंदू उलट्या दिशेने सरकतात आणि १८.६ वर्षांत चक्र पुरं करतात. त्यामुळे राहू मूळ जागी येतो तो साधारण १८ वर्षं ७ महिने, ३७ वर्षं २ महिने, ५५ वर्षं १० महिने आणि ७४ वर्षं ५ महिने या वयांत. अर्ध्या फेरीला, म्हणजे ९.३, २८ आणि ४६.५ व्या वर्षी, राहू जन्मकेतूवर येतो. काही जण तीही वयं मोजतात.

हे चक्र नुसतं कागदावरचं नाही, ते आकाशात दिसतं. २०२४-२५ मध्ये चंद्र महिन्यातून एकदा विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत जात होता. राहूच्या स्थितीमुळे असं दर १८.६ वर्षांनी होतं, याआधी ते २००६ च्या सुमारास झालं होतं. मुंबई-पुणे १८-१९ अक्षांशावर आहेत, त्यामुळे अशा रात्री इथे चंद्र डोक्यावरून न जाता चक्क उत्तरेकडे झुकलेला दिसतो.

कुठे १८, कुठे १९ लिहिलेलं असतं. खरं कोणतं?

तीन वेगळी चक्रं एकमेकांत मिसळल्यामुळे हा गोंधळ होतो. ग्रहणांची मालिका १८ वर्षं आणि ११ दिवसांनी पुन्हा येते. राहूची फेरी १८.६ वर्षांची. आणि १९ वर्षांनी तिथी आणि इंग्रजी तारीख पुन्हा जुळतात, कारण १९ वर्षांत जवळपास नेमके २३५ चांद्रमास बसतात. एकोणिसाव्या वाढदिवशी पंचांग उघडून बघा: जन्मतिथी त्याच दिवशी किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने सापडेल. गंमत खरी आहे, पण तिचा राहूशी संबंध नाही. राहूची फेरी त्याच्या साधारण पाच महिने आधीच उरकलेली असते. एकोणिसाव्या वाढदिवसाला कोणी ‘राहू रिटर्न’ म्हणत असेल, तर त्याने गणित केलेलं नाही एवढं नक्की समजावं.

माझी स्वतःची तारीख कशी काढायची?

कुठल्याही कुंडलीत ‘स्पष्टग्रह’ नावाचा तक्ता असतो. त्यातून गुरूची आणि राहूची रास, अंश आणि कला, म्हणजे अंशाचे साठावे भाग, टिपून घ्या. मग पंचांगातले किंवा ॲपमधले दैनिक ग्रह उघडा आणि गोचर गुरू त्या अंशावर कधी येतो ते शोधा. पहिल्या फेरीसाठी वयाच्या सव्वाअकरा ते सव्वाबारा वर्षांच्या दरम्यान शोधलं की बहुतेक सापडतोच. राहूसाठी साडेअठरा वर्षांच्या पुढचे दोन-तीन महिने पुरतात.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. २८ मे २००० ही तारीख मी मुद्दाम घेतोय, कारण त्या दिवशी गुरू आणि शनी यांची युती होती, वीस वर्षांनी एकदा होणारी. त्या दिवशी निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजण्याच्या, पद्धतीने गुरू मेषेत २८ अंश ५२ कलांवर होता आणि मध्यम, म्हणजे सरासरी वेगाने मोजलेला, राहू कर्केत ३ अंशांच्या थोडा पुढे.

११.८६ वर्षांचा सरळ हिशोब केला तर गुरूची पहिली फेरी ८ एप्रिल २०१२ च्या आसपास पडते. प्रत्यक्षात गुरू त्या अंशावर आला १२ मे २०१२ च्या सुमाराला, म्हणजे महिनाभर उशिरा. दुसरी फेरी सरासरीने फेब्रुवारी २०२४ मध्ये यायला हवी होती, ती आली एप्रिल २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात. राहू मात्र वक्तशीर: मध्यम राहू २ जानेवारी २०१९ च्या सुमारास मूळ जागी पोचला. वय तेव्हा १८ वर्षं ७ महिने.

गुरूच्या तारखा अशा पुढे-मागे होतात, कारण आपण त्याला सूर्यावरून नाही, फिरत्या पृथ्वीवरून बघतो. पृथ्वी स्वतः पुढे धावते तेव्हा गुरू थबकतो, वक्री होतो, मग पुन्हा मार्गी लागतो. म्हणून ‘जन्मतारखेत ११ वर्षं १० महिने मिळवा’ हे सूत्र फक्त कुठल्या वर्षात शोधायचं एवढं सांगायला उपयोगाचं आहे. दिवस ठरवायला पंचांगच उघडावं लागतं.

या उदाहरणात आणखी एक बारकावा आहे. १३ मे २०१२ ला गुरू आणि सूर्य एकाच अंशावर होते, म्हणजे फेरी पूर्ण झाली तेव्हा गुरू अस्तंगत होता. आकाशात बघून ती कोणालाच दिसली नसती. आपल्याकडे गुरूच्या अस्तात लग्न-मुंज टाळतात. अशी अस्तातली फेरी ‘महान संधीचं वर्ष’ म्हणून खपवणाऱ्या लेखांत या गोष्टीचा उल्लेख क्वचितच असतो.

मला एकाच फेरीच्या तीन तारखा मिळाल्या. ॲप चुकलंय का?

नाही. गुरू दर तेरा महिन्यांनी वक्री होतो, साधारण चार महिने उलटा चालतो आणि सुमारे १० अंश मागे येतो. तुमचा जन्मगुरू त्या दहा अंशांच्या पट्ट्यात सापडला, तर गोचर गुरू त्यावरून तीनदा जातो: एकदा सरळ, एकदा वक्री, पुन्हा सरळ. एका वक्री हंगामापासून दुसऱ्यापर्यंत गुरू एकूण ३३ अंश पुढे जातो, म्हणून साधारण दहातल्या तिघांच्या वाट्याला असं येतं.

ऑक्टोबर १९९५ च्या दुसऱ्या आठवड्यात जन्मलेल्यांचंच बघा. त्यांचा गुरू निरयन वृश्चिकेत १८ अंशांच्या आसपास. २००७ साली गुरू त्या जागेवरून जानेवारीत गेला, जूनच्या अखेरीस वक्री होऊन परत आला आणि सप्टेंबरच्या मध्याला शेवटचा गेला. त्यांची ‘बाराव्या वर्षाची’ फेरी सव्वाअकराव्या वर्षी सुरू झाली आणि बारावा वाढदिवस यायच्या जेमतेम महिनाभर आधी संपली. अशा वेळी एकच तारीख धरून बसण्यात अर्थ नाही, ते सगळे आठ महिने एकत्र धरावेत.

दोन ॲप राहूची वेगवेगळी तारीख दाखवतात.

एक मध्यम राहू वापरतंय, दुसरं स्पष्ट राहू. मध्यम राहू रोज सुमारे ३ कला या एकाच वेगाने मागे जातो. स्पष्ट राहू त्याच्या पुढे-मागे दीडेक अंश हेलकावे खातो, कधी कधी चार दिवस सरळही चालतो. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतं, पण रोजच्या ३ कलांच्या वेगाला तो जवळपास महिन्याचा फरक आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असतो. जन्मकुंडली आणि गोचर दोन्हीला एकच राहू वापरा, मग कोणताही निवडा.

राशी ताऱ्यांवरून मोजायच्या की वसंतसंपातापासून, हा सायन-निरयनचा फरक इथे किरकोळ आहे. अयनांश, म्हणजे या दोन मोजण्यांतलं अंतर, बारा वर्षांत जेमतेम १० कला सरकतो, त्यामुळे गुरूच्या तारखेत सहसा एखाद-दोन दिवस आणि राहूच्या तारखेत पाचेक दिवस इकडे-तिकडे होतात. गुरू स्तंभी, म्हणजे जागीच थबकलेला असेल, तरच तो फरक वाढतो.

कुंभमेळा बारा वर्षांनी येतो तो याच गणिताने?

हो, आणि ११.८६ म्हणजे १२ नव्हे, हे कळायला त्याहून चांगला पुरावा नाही. हरिद्वारचा कुंभ गुरू कुंभ राशीत असताना भरतो. २०१० नंतर तो २०२२ ला अपेक्षित होता, पण भरला २०२१ ला, कारण गुरू तोवर कुंभेतून पुढे निघून जाणार होता. याआधी असाच अकरा वर्षांचा कुंभ १९३८ साली झाला होता. १९३८ ते २०२१ ही ८३ वर्षं, आणि तेवढ्यात गुरूच्या बरोबर सात फेऱ्या होतात. माणसाच्या त्र्याऐंशीव्या वाढदिवसाच्या आसपास सातवी फेरी पुरी होते ती याच हिशोबाने.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ गुरू सिंहेत असताना आणि नृसिंहवाडीचा कन्यागत गुरू कन्येत गेल्यावर. २००३ च्या सिंहस्थात जन्मलेल्या मुलांची पहिली फेरी २०१५ च्या सिंहस्थाच्या काळात आली आणि दुसरी २०२७ च्या सिंहस्थाच्या आसपास येतेय. त्यांना वेगळं ॲप कशाला हवं?

आपल्या परंपरेत या फेरीला काय फळ सांगितलंय?

‘रिटर्न’ ही पद्धत ज्या रूपात हल्ली फिरते ती पाश्चात्त्य ज्योतिषातली आहे. आपल्याकडे तिच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे ताजिक पद्धतीचं वर्षफल. रवी जन्मांशावर आला की त्या क्षणाची कुंडली मांडायची. गुरूचं गोचर मात्र आपण जन्मगुरूपासून नाही, जन्मराशीपासून, म्हणजे चंद्रापासून मोजतो. २, ५, ७, ९, ११ वा गुरू शुभ. १, ३, ६, १० वा पूज्य. आणि ४, ८, १२ वा अनिष्ट. लग्न-मुंजीचं गुरुबळ बघतात ते हेच.

आता गंमत बघा. २८ मे २००० ला दुपारी जन्मलेल्याची रास मीन. मेषेतला गुरू त्याला दुसरा, म्हणजे चांगला. त्याच्या दोन आठवडे आधी, १४ मे २००० ला जन्मलेल्याची रास कन्या, आणि तोच मेषेतला गुरू त्याला आठवा. दोघांच्या गुरूच्या फेऱ्या पंधरा दिवसांच्या अंतराने येतात. पाश्चात्त्य लेख दोघांनाही ‘भरभराटीचं वर्ष’ सांगणार, आणि आपलं पंचांग दुसऱ्याला ‘गुरुबळ नाही, जरा थांबा’ म्हणणार. शिवाय हे दर बारा वर्षांनी आयुष्यभर चालणार, कारण जन्मगुरू आणि जन्मचंद्र यांच्यातलं अंतर बदलत नाही. दोन पद्धती एकाच वाक्यात मिसळणाऱ्यांना हा प्रश्न जरूर विचारा. माझ्या मते एकच पद्धत धरावी आणि शेवटपर्यंत तिचेच नियम पाळावेत. सोयीचं फळ मिळेपर्यंत पद्धत बदलत राहणं याला अभ्यास म्हणत नाहीत.

राहूची महादशा १८ वर्षांची असते. ती आणि ही फेरी एकच का?

नाही, आकडे जवळचे आहेत एवढंच. विंशोत्तरी दशापद्धतीत राहूची दशा १८ वर्षांची आणि गुरूची १६. तिची सुरुवात जन्मनक्षत्रावरून ठरते, त्यामुळे कोणाला ती पाळण्यात लागते, कोणाला साठीत. राहूची फेरी मात्र सगळ्यांना एकाच वयात येते. शनीची साडेसाती हा तर तिसराच विषय आहे, तो इथे मिसळू नका.

मुलगी अठराची झाली, कॉलेजात मन लागत नाही. राहूमुळे असेल का?

हा प्रश्न आईवडिलांकडून सर्वांत जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर.

तिच्या वर्गातल्या सगळ्यांचा राहू याच वर्षात मूळ जागी येतोय. वरच्या उदाहरणातला मुलगा जानेवारी २०१९ मध्ये कुठे असेल? बारावी होऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला. शाळेची चौकट सुटलेली, कदाचित घर सोडून होस्टेलवर, मतदार यादीत नाव नुकतंच लागलेलं. मे २०१२ ला तो सहावीची परीक्षा देऊन सुट्टीत होता आणि सातवीत जाणार होता. या वयांत बदल होणारच. शाळांची आणि कायद्याची रचनाच तशी आहे.

म्हणूनच ही फेरी वयाचा टप्पा म्हणून चांगली चालते आणि व्यक्तीचं भविष्य म्हणून लंगडी पडते. एकाच आठवड्यात जन्मलेल्या लाखो मुलांना एकच तारीख लागू होत असेल, तर ती एकट्या तुमच्या मुलीबद्दल काही वेगळं कसं सांगेल? ज्योतिषी यावर म्हणतील की फरक पडतो तो भावामुळे, म्हणजे कुंडलीतल्या स्थानामुळे: राहू कुणाच्या चतुर्थात असतो, कुणाच्या दशमात. त्यांच्या शास्त्राच्या चौकटीत हे उत्तर बरोबर आहे. पण मग सांगणाऱ्याने लग्नरास आणि भाव न बघता नुसत्या वयावरून भाकीत करू नये.

मन लागत नाही, याची आधी साधी कारणं शोधा: विषय चुकला का, मेसचं जेवण, रूममेट, झोप. हे महिना-दीड महिना चाललं आणि खाणंपिणंही सुटलं, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवा. राहू पुढच्या अंशावर सरकायची वाट बघू नका.

‘राहू रिटर्न शांती’ करून घ्यावी का? अकरा हजार सांगितलेत.

फेरीची ही कल्पनाच बाहेरून आलेली आहे, तिला जुनी शांती कुठून असणार? साठीला षष्ट्यब्दीपूर्ती, सहस्रचंद्रदर्शन, हे वयाचे संस्कार आपल्याकडे आहेतच आणि त्यांची गणितंही स्वतंत्र आहेत. हजार पौर्णिमा पुऱ्या व्हायला जवळपास ८० वर्षं १० महिने लागतात. साठीचा संबंध गुरूशी आहे, कारण ६० संवत्सरांचं चक्र गुरूच्या पाच फेऱ्यांवरून आलेलं आहे. पण आपण महाराष्ट्रात संवत्सर गुढीपाडव्याला बदलतो, गुरू रास बदलतो तेव्हा नाही. त्यामुळे पाचवी फेरी ५९ वर्षं ४ महिन्यांच्या सुमाराला येते आणि साठीशांत त्यानंतर सात-आठ महिन्यांनी.

मागे वळून बघितलं तर माझ्या आयुष्यात हे अगदी तंतोतंत जुळतंय. हा पुरावा नाही का?

कागद-पेन घ्या. साठ वर्षांच्या आयुष्यात गुरूच्या पाच फेऱ्या आणि पाच अर्ध्या फेऱ्या, राहूच्या तीन पूर्ण आणि तीन अर्ध्या. झाल्या सोळा तारखा. प्रत्येक तारखेच्या मागे-पुढे एक वर्ष ‘प्रभावकाळ’ धरला, बरेच जण धरतात तसा, तर एकमेकांवर चढलेले काळ वजा करूनही जवळपास २९ वर्षं व्यापली जातात. म्हणजे निम्मं आयुष्य. नोकरी, लग्न, घर, वडिलांचं आजारपण, काहीही घ्या, नाणं उडवल्यासारखं निम्म्या वेळा ते जुळणारच.

खरोखर तपासायचं असेल तर उलट बाजूने सुरुवात करा. आयुष्यातल्या दहा मोठ्या घटना महिना-वर्षासह आधी लिहा, आणि फेरीच्या तारखा त्यानंतर काढा. प्रभावकाळ तीन महिन्यांपेक्षा जास्त धरू नका आणि अर्ध्या फेऱ्या सोडून द्या. मग किती जुळतात ते मोजा.

कुंडलीवरून व्यक्तीबद्दल सांगता येतं का, याची एक पद्धतशीर चाचणी पुण्यात झालेली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. निम्मी मुलं हुशार, निम्मी मतिमंद. ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० कुंडल्या बघून कोणती कोणाची ते सांगायचं होतं. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. ही चाचणी फेऱ्यांबद्दल नव्हती, पण ‘अनुभव येतो’ एवढ्यावर थांबायचं नसेल तर तपासणी साधारण कशी करतात ते त्यातून कळतं.

मग तुम्ही ही गणितं करता कशाला?

आकाशातलं घड्याळ बघायला मला आवडतं, आणि मागचा एक तप कसा गेला ते बघायला तारीख हाताशी असली की बरं पडतं. ३५ वर्षं ७ महिन्यांना गुरू आणि ३७ वर्षं २ महिन्यांना राहू, असे दोन्ही टप्पे तिशीच्या उत्तरार्धात लागोपाठ येतात. त्या दीड-दोन वर्षांत विमा, कर्ज, आईवडिलांची तब्येत आणि स्वतःचं काम यांचा आढावा घेतला तर नुकसान काहीच नाही. फक्त तारखेवर भरवसा ठेवून नोकरी सोडू नये.

आईची जन्मवेळ माहीत नाही. तारीखही ‘पोळ्याच्या दिवशी’ एवढीच. काही काढता येईल?

येईल, आणि बरंच नेमकं. गुरू वेगात असला तरी दिवसाला १४-१५ कलांपेक्षा जास्त सरकत नाही आणि राहू फक्त ३ कला, त्यामुळे जन्मवेळेची गरज पडत नाही. वेळ नसली तर लग्नरास आणि भाव मिळत नाहीत, चंद्राची रासही कधी कधी दोनांपैकी एक असते, पण फेरीची तारीख फार तर एखाद-दोन दिवसांनी हलते. पोळा म्हणजे श्रावण अमावास्या. वर्ष ठाऊक असलं तर त्या वर्षाच्या जुन्या पंचांगातून इंग्रजी तारीख मिळते. वर्षाबद्दलच शंका असेल, तर शाळेच्या दाखल्यावर विसंबू नका. त्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकलेली असायची, बहुतेकदा १ जून. त्याऐवजी मामाला किंवा मावशीला विचारा, की आईच्या जन्माच्या वर्षी सिंहस्थ होता का, की त्याच्या आदल्या किंवा पुढच्या वर्षी. गुरूची रास तिथेच कळते, आणि पंचांगांचा ढीग चाळायचा असेल तर तो बारा वर्षांवरून एक-दोन वर्षांवर येतो.